उन्हाने पाठ भाजली, फोड आले: फोडायचे की नाही?

प्रश्न: तारकर्लीला दिवसभर स्नॉर्केलिंग केलं, तीन दिवस झाले. पाठ अजून दुखते, कडेने सालं निघतायत आणि खांद्यांवर पाण्याचे फोड आलेत. फोड फोडून टाकू का?

उत्तर: अजिबात फोडू नका. मी मालवणात एका दवाखान्यात ड्रेसिंगचं काम करते, आणि मे महिन्यात अशा पाठी सारख्या बघते. पालथं तरंगताना पाण्यामुळे गार वाटतं, पण पाठीवर ऊन पडतच असतं. चटका बसतोय हे संध्याकाळपर्यंत कळतच नाही.

फोडावरची पातळ कातडी हे निसर्गाने बांधलेलं ड्रेसिंग आहे. तिच्याखाली नवी त्वचा धरते आणि आतलं पाणी आपोआप जिरतं. मागच्या मोसमात एका पाहुण्या मुलाचे फोड घरच्यांनी सेफ्टी पिनने टोचले आणि वर हळद-खोबरेल थापलं. आमच्याकडे आणला तेव्हा फोडांभोवतीची लाली पसरली होती, पिवळा पू होता, अंगात ताप होता. तो हळदीचा थर भिजवून काढताना पोर कळवळत होतं. डॉक्टरांना अँटिबायोटिक द्यावं लागलं. त्याच पाठीवरचे न टोचलेले फोड मात्र काही न करता सुकले.

आता तुम्ही काय करायचं? साध्या गार पाण्यात भिजवलेला सुती पंचा पिळून दहा-पंधरा मिनिटं पाठीवर ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ नको. त्वचा ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर हलक्या हाताने लावा, पण फोडांवर चोळू नका. सालं ओढू नका, सुटतील तशी सुटू द्या. दुखणं सहन होत नसेल तर पॅरासिटामॉल घ्या, पाकिटावर लिहिलंय तेवढंच. पाणी, शहाळं भरपूर प्या. पित्त उठल्यावर आपल्याकडे कोकमाचं आगळ लावतात, ते इथे लावू नका. आंबट रसाने सोललेली कातडी आणखी झोंबते. फोड आपणहून फुटला तर साबण-पाण्याने अलगद धुवा, सुटलेली कातडी तशीच राहू द्या, वर व्हॅसलीन लावून न चिकटणारी पट्टी बांधा.

फोड पाठभर पसरले असतील, किंवा तोंडावर, हातांवर किंवा जांघेत असतील, तर घरी थांबू नका. पू, पसरती लाली किंवा दुखणं दिवसागणिक वाढत असेल तरी डॉक्टरांना दाखवा. थंडी वाजून ताप, उलट्या, चक्कर किंवा बोलण्यात असंबद्धपणा दिसला तर त्याच क्षणी निघा. वर्षाच्या आतलं मूल असेल तर फोड येण्याचीही वाट बघायची नाही.

आणखी एक विचारते: डॉक्सीसायक्लिन चालू आहे का? लेप्टोच्या तापासाठी आपल्या भागात ती गोळी बऱ्याच जणांना देतात, आणि तिच्यावर असताना थोड्या उन्हानेही कातडी जास्त भाजते. चालू असेल तर मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना हे आठवणीने सांगा.