शाळेच्या कॅन्टीनला अ‍ॅलर्जीचं पत्र लिहिताना काय विचारायचं

प्रश्न: मुलगा दुसरीत आहे, त्याला अंड्याची आणि माशाची अ‍ॅलर्जी आहे. शाळेच्या कॅन्टीनला कशात काय घालतात ते विचारायचंय, पत्रात नेमकं काय लिहू?

आमच्या लेकीलाही हीच जोडी आहे, म्हणून सांगते. 'अंडं-मासे देऊ नका' एवढंच लिहिलंत तर 'हो ताई, काळजी नको' असं उत्तर येतं आणि विषय तिथेच संपतो. त्यात कॅन्टीनवाल्यांचं काही वाईट नसतं, त्यांच्या दृष्टीने अंडं म्हणजे ऑम्लेट-भुर्जी आणि मासा म्हणजे ताटात दिसणारी तुकडी, आणि त्या दोन्ही ते खरंच देणार नाहीत. म्हणून 'यात अंडं आहे का' असं विचारूच नका, हो-नाहीमध्ये उत्तर देता येणार नाही असं विचारा.

अंड्याचा सगळ्यात मोठा घोळ बेकरीच्या मालात. व्हेज पॅटिस आत पूर्ण व्हेज असतं पण वरचा तो चकचकीत तांबूस रंग बऱ्याच बेकऱ्यांत भट्टीत घालायच्या आधी ब्रशने अंडं फिरवून येतो, आणि हे कॅन्टीनच्या काकांनाही माहीत नसतं कारण माल ट्रेमधून सुटा येतो, त्यावर ना पाकीट ना लेबल. बर्गरच्या बनचंही तेच. मेयोनेझ आपल्याकडे एगलेसही मिळतं आणि अंड्याचंही, पण कॅन्टीनमध्ये ते मोठ्या पाऊचमधून पिळायच्या बाटलीत ओतलेलं असतं, त्यामुळे बाटली बघून काही कळत नाही, पाऊच बघावा लागतो. पाकिटावर आपल्याकडे हिरवी खूण असेल तर घटकांत अंडं-मासा नाही, अंडं असेल तर तपकिरी खूण येते, आणि घटकांच्या यादीजवळ अ‍ॅलर्जीवाल्या गोष्टी वेगळ्या लिहाव्या लागतात. पण ही खूण फक्त पाकिटापुरती, पुढे ते कुठल्या तव्यावर गेलं ते तिला काय माहीत.

माशाचा घोळ कढईत. ज्या तेलात बोंबील किंवा सुरमई तळली त्याच तेलात दुपारी बटाटेवडे सोडले तर वड्यात मासा 'घातलेला' नाही, पण तेलात त्याची प्रथिनं उरतात आणि माशाचं मुख्य अ‍ॅलर्जीचं प्रथिन उष्णतेला दाद देत नाही, तेल कितीही कडकडीत असो. तव्याचं पण तसंच, ऑम्लेटनंतर फडक्याने पुसून डोसा टाकला तर चालत नाही, साबणाने धुतलेला हवा. आणि हो, कोळंबी हा मासा नाही, तिची अ‍ॅलर्जी वेगळी असते, तेव्हा तुमच्या मुलाला ती चालते की नाही ते डॉक्टरांना विचारून पत्रात स्पष्ट लिहा, नाहीतर कॅन्टीनवाले स्वतःच ठरवतील.

पत्र साधारण असं, एका पानात:

"माझा मुलगा (नाव), इयत्ता दुसरी, याला अंडं आणि मासे यांची अ‍ॅलर्जी आहे. थोडंसं पोटात गेलं तरी अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. कृपया एवढं कळवावं. पॅटिस, बन, केक कोणत्या बेकरीतून येतात आणि वरून अंडं लावतात का? मेयो, सॉस, नूडल्स यांच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मिळेल का? मासे किंवा अंड्याचे पदार्थ ज्या तेलात तळता त्यात आणखी काय काय तळता? ऑम्लेटचा तवा आणि उलथणं वेगळं आहे का? जे नक्की माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' लिहिलंत तरी चालेल, तो पदार्थ आम्ही त्याला घेऊ देणार नाही."

लक्षणं तुमच्या मुलाला जी होतात तीच लिहा. ते शेवटचं वाक्य मात्र काढू नका, 'माहीत नाही' म्हणायला वाट ठेवली की लोक खरं सांगतात, नाहीतर तुम्हाला बरं वाटावं म्हणून 'नाही हो, कशातच नाही' म्हणून मोकळे. एक प्रत वर्गशिक्षिकेला द्या, आणि चुकून खाल्लं गेलंच तर कोणतं औषध, कुणाला फोन, हे वेगळ्या कागदावर डॉक्टरांकडून लिहून घेऊन शाळेत ठेवा, ते कॅन्टीनच्या पत्रात घुसडू नका, तिथे ते कुणी वाचत नाही.

उत्तरं आली की सगळा मेनू पास होईल अशी अपेक्षा ठेवू नका. आमच्याकडे तळलेलं आणि बेकरीचं सरळ बाद झालं, उरलं इडली, उपमा, दहीभात, आणि तेवढीच नावं एका चिठ्ठीवर लिहून काउंटरपाशी चिकटवली, काय चालत नाही याची लांबलचक यादी देण्यापेक्षा हे काउंटरवरच्या दादांना सोपं जातं. बाकी कॅन्टीनचा ठेका किंवा बेकरीवाला बदलला की जुनी उत्तरं रद्द समजा आणि तेच पत्र तारीख बदलून परत द्या.