'संपीडित पटल' की ओसरता थर?

*स्क्वीझ फिल्मला एका टिपणात 'संपीडित पटल' म्हटलेलं वाचलं. सपाट प्लेटवर तेल आहे आणि वरून चकती दाबली, तर तेल खरंच संपीडित होतं का? याला साधा मराठी शब्द नाही का?*

संपीडन म्हणजे दाबून आकारमान कमी करणं. सायकलच्या पंपात हवेचं होतं ते संपीडन. तेलाचं तसं काही होत नाही. 50 मिमी व्यासाची चकती घ्या आणि तिच्यावर 10 किलोचं वजन, म्हणजे साधारण 100 न्यूटन, ठेवा. थरातला सरासरी दाब अर्ध्या वातावरणाइतका येतो आणि मध्यभागी त्याच्या दुप्पट. एवढ्या दाबाखाली तेलाचं आकारमान दहा हजारांत एक भागसुद्धा घटत नाही. थर पातळ होतो, कारण तेल कडेनं बाहेर पडतं. म्हणून 'संपीडित' मला मान्य नाही.

'पिळणे' जवळचं वाटतं, लिंबाचा रस आपण पिळूनच काढतो. पण शब्दात पीळ आला की डोळ्यांसमोर ओलं धोतर येतं, आणि इथे चकती फिरतच नाही. 'दबता थर' म्हणावं तर कापूस आठवतो: हात काढला की पुन्हा फुगणारा. थराला असली स्प्रिंग मुळीच नाही. मला 'ओसरणे' आवडतं. पूर ओसरतो तेव्हा पाणी आक्रसत नाही, निघून जातं. तसं तेल ओसरतं आणि चकती बसते.

या क्रियापदात मंदावत जाण्याची छटाही आहे, आणि गणित नेमकं तेच सांगतं. चकतीची त्रिज्या R, तेलाची स्निग्धता μ, थराची जाडी h आणि चकती खाली येण्याचा वेग V असेल, तर

```
F = 3πμR⁴V / (2h³)
t = (3πμR⁴ / 4F) · (1/h₂² − 1/h₁²)
```

पहिलं सूत्र थराच्या विरोधाचं. त्यात V आहे, म्हणजे चकती थांबली की विरोध शून्य. म्हणून 'थराची ताकद' असं लिहू नये. ताकद थरात साठलेली नसते, तेल हटवताना ती पैदा होते. दुसरं सूत्र भार कायम असताना थर h₁ वरून h₂ वर यायला लागणाऱ्या वेळाचं.

वरच्याच चकतीखाली 0.1 पास्कल-सेकंद स्निग्धतेचं तेल घ्या. खोलीच्या तापमानापेक्षा जरा कोमट असलेलं इंजिन ऑइल साधारण असंच असतं. 1 मिमीवरून 0.1 मिमीवर यायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही (या टप्प्यात जडत्व थोडी लुडबूड करतं, तेव्हा हा आकडा ढोबळ धरा). 0.1 मिमीवरून 10 मायक्रॉनवर यायला सुमारे 9 सेकंद. 10 मायक्रॉनवरून 1 मायक्रॉनवर यायला 15 मिनिटं. जाडी दर वेळी दहापट घटते आणि वेळ शंभरपट वाढतो. चकतीवर डायल गेज लावलंत तर काटा आधी धावतो, मग रांगतो आणि शेवटी हलतोय की नाही याची शंका येते.

मग चकती 'टेकते' कधी? सूत्राप्रमाणे कधीच नाही, h₂ शून्य केला की वेळ अनंत होतो. प्रत्यक्षात थर पृष्ठभागाच्या खडबडीइतका पातळ झाला की धातूची टोकं एकमेकांना भिडतात. सूत्र तिथेच सोडून द्यायचं. त्याहून नेहमीचा घोळ म्हणजे चकती तिरकी असणं. मग एक कड लवकर टेकते आणि उरलेलं तेल मोकळ्या बाजूनं पळतं. मोजलेला वेळ हिशेबापेक्षा बराच कमी आला, तर मी आधी तिरपेपणा तपासतो.

वेळ त्रिज्येच्या चौथ्या घातानं वाढतो, हे विसरू नका. भार तोच ठेवून त्रिज्या निम्मी केली, तर वेळ सोळावा हिस्सा. मोटारसायकलची तेलात बुडालेली क्लच प्लेट पाहिलीत तर तिच्या अस्तराला खाचा दिसतील. त्या तेलाला जवळची वाट देतात, नाहीतर क्लच पकडायला उशीर झाला असता.

शब्दाचा असाच घोळ उलट्या दिशेनंही झालेला आहे. द्रवात बुडालेल्या दोन प्लेटा ओढून सुटत नाहीत, त्याला 'चिकटणं' म्हणत. व्हिएन्नाच्या योझेफ श्टेफान यांनी 1874 मध्ये प्रयोगांवरून दाखवलं की हा चिकटपणा भासमान आहे. फटीत द्रव शिरायला वेळ लागतो, एवढंच. सावकाश ओढलं तर थोडक्या बळानंही प्लेटा सुटतात. वरची सूत्रं त्यांच्याच नावानं ओळखली जातात.

तेव्हा वर्कशॉपमध्ये 'स्क्वीझ फिल्म' खुशाल म्हणा, सगळ्यांना कळतं. मराठी नावच हवं असेल तर 'ओसरता थर'. 'पटल' मात्र मी डोळ्यांसाठी आणि सभागृहांसाठी राखून ठेवीन.