९१ आणि ७८ यांच्यामधलं अंतर

प्रिय,

पदव्युत्तर प्रवेशाच्या अर्जातला तुझा प्रकल्पाचा परिच्छेद दोनदा वाचला. पहिली चार वाक्यं गंजामुळे जगाचं किती नुकसान होतं यावर गेली आहेत, ती काढून टाक. अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकांना लोखंड गंजतं हे तुझ्याकडून ऐकायचं नाही.

त्यानंतर मुख्य वाक्य येतं: पानांच्या अर्कानं १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात माइल्ड स्टीलला ९१ टक्के संरक्षण दिलं आणि अर्काचं स्टीलवरचं शोषण लँगम्युअर आयसोथर्म या सूत्राप्रमाणे झालं, R² ०.९९८. वाक्य चुकीचं नाही, पण ते कुणाचंही असू शकतं. पान बदललं की दुसऱ्याचा अर्ज तयार.

खरी गोष्ट तू मागच्या आठवड्यात बोलता बोलता सांगितलीस आणि परिच्छेदात मात्र गाळलीस. सहा तासांत साध्या आम्लातल्या कूपनचं, म्हणजे स्टीलच्या छोट्या तुकड्याचं, वजन ४८.० मिलिग्रॅमनं घटलं, अर्क घातलेल्या आम्लातल्या कूपनचं ४.३ मिलिग्रॅमनं. त्यातून ९१ टक्के आले. इम्पीडन्स या विद्युत मोजणीत मात्र प्रभाररोध, म्हणजे गंजण्याला होणारा विद्युत रोध, ३२ वरून १४५ ओम सेमी² झाला, म्हणजे जेमतेम ७८ टक्के. हे दोन आकडे जुळेनात म्हणून तू अख्खा आठवडा बेचैनीत काढलास, ते मला आठवतंय. शेवटी अर्जात ७८ गायब झाले आणि ९१ उरले. लपवलंस ते, आणि लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तू पुढे काय केलंस ते बघ. आधी संशय घेतलास वजनावर: कूपनला चिकटून राहिलेला थर नीट निघाला नसेल, तर घट कमी दिसेल आणि संरक्षण फुगेल. म्हणून तेच कूपन पुन्हा साफ करून वजन केलंस, फरक ०.२ मिलिग्रॅम. तो संशय तिथेच संपला. मग लक्षात आलं की इम्पीडन्स तू बुडवल्यावर अर्ध्या तासानं घेतला होतास आणि वजनाची घट सहा तासांची होती. एक आकडा त्या क्षणाचा, दुसरा सगळ्या वेळेची सरासरी. दोन तासांनी पुन्हा मोजलंस तेव्हा ९२ टक्के आले, म्हणजे अर्काचा थर बसायला वेळ लागत होता. माझ्या मते तुझ्या प्रकल्पातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच आहे.

लँगम्युअरचं वाक्य मी तरी ठेवणार नाही. आलेखात दोन्ही अक्षांवर सांद्रता आहे: एका बाजूला C, दुसऱ्या बाजूला C/θ. θ म्हणजे पृष्ठभागाचा अर्कानं झाकलेला वाटा. सांद्रता दहापट वाढवली आणि θ फक्त ०.६ वरून ०.९ वर गेला, तरी रेषा सरळच दिसणार. शिवाय अर्क म्हणजे अनेक संयुगांचं मिश्रण. त्याचं मोलर वस्तुमान तुला माहीत नाही, मग त्या आलेखातून काढलेल्या मुक्त ऊर्जेवरून 'रासायनिक शोषण' कसं म्हणायचं? मुलाखतीत कुणी विचारलं तर तुझ्याकडे उत्तर नसेल. जे सोडवून दाखवता येतं तेवढंच लिही.

परिच्छेद साधारण असा होईल:

'पानांच्या अर्कामुळे माइल्ड स्टीलचं आम्लात गंजणं किती कमी होतं हे मी दोन पद्धतींनी मोजलं. सहा तासांच्या वजन-घटीतून संरक्षण ९१ टक्के आलं, अर्ध्या तासानंतरच्या इम्पीडन्समधून ७८. कूपन पुन्हा साफ करून वजन केल्यावर घट जवळपास तीच राहिली, तेव्हा वजनातली चूक हे कारण मी बाजूला ठेवलं. दोन तासांनी इम्पीडन्स पुन्हा घेतल्यावर ९२ टक्के आले. संरक्षक थर हळूहळू बसतो असं यावरून दिसतं. पण अर्कातलं नेमकं कोणतं संयुग तो थर बनवतं हे मला वेगळं करता आलं नाही. पदव्युत्तर अभ्यासात मला तेच शोधायचं आहे.'

शेवटची दोन वाक्यं मुद्दाम तशी ठेवली आहेत. जे जमलं नाही तिथूनच तुझी पुढची इच्छा निघते. 'मला या क्षेत्राची आवड आहे' असं वेगळं लिहावं लागत नाही.

एक बारीक गोष्ट. इम्पीडन्स मोजणारा पोटेन्शियोस्टॅट तू स्वतः चालवलास की सिनियरनं? सिनियरनं चालवला असेल तर 'मी मोजलं' ऐवजी 'माझ्या नमुन्यांवर सिनियरच्या मदतीनं मोजलं' असं लिही. शिफारसपत्र देणारे सर तेच प्रयोग बघत होते.

पाठवण्याआधी वही काढून दोन तासांनंतरच्या मोजणीतला साध्या आम्लाचा आकडाही बघ. ९२ टक्के काढताना तू अर्ध्या तासाचेच ३२ ओम वापरले असशील अशी मला शंका आहे. तसं असेल तर आकडा बदलेल, आणि परिच्छेदात बदललेलाच जायला हवा.

तुझा,
जुना मार्गदर्शक