चुकलं की पान फाडतो, आणि मग वहीच उघडत नाही

प्रश्न: मी देवगड तालुक्यात बारावी सायन्सला आहे. लिहिताना जरा खाडाखोड झाली तरी पान फाडून पहिल्यापासून लिहितो. आता फिजिक्सचं जर्नल अर्धवट आहे आणि सराव पेपर एकही सोडवलेला नाही. वही काढली की छातीत धडधडतं, मग मोबाईल हातात घेतो. घरचे आळशी म्हणतात. काय करू?

उत्तर:

मी सिंधुदुर्गातच एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते, २२ वर्षं झाली. माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहेस म्हणून 'तू'च म्हणते.

आळशी मुलगा पान फाडत नाही रे. तो खाडाखोडीसकट वही माझ्या टेबलावर टाकतो आणि कॅन्टीनला जातो. पान फाडणारी मुलं वेगळी असतात. दर वर्षी दोन-तीन तरी असतात आणि बहुतेक वेळा दहावीला शाळेत पहिली आलेली असतात. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते, कारण तुझं नि तिचं दुखणं एकच दिसतंय.

मुलगी खाडीपलीकडच्या गावातली. दहावीला शाळेत पहिली, गावात बॅनर लागलेला. आपल्याकडे निकालाचं काय कौतुक असतं ते तुला सांगायला नको. २०२४ ला दहावीला कोकण विभागाचा निकाल ९९.०१ टक्के लागला. एवढी सगळीच पास होतात तिथे पास होण्याला कोण विचारतो? गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले की पाटावर बसायच्या आधी प्रश्न येतो, "किती पडले गो तुका?" बारावीच्या नोव्हेंबरपर्यंत या मुलीचे जर्नलचे तीनच प्रयोग लिहून झाले होते. आई म्हणे, "मॅडम, दिवसभर टेबलाशीच असते." आई खोटं बोलत नव्हती. सहा तास बसून दीड पान व्हायचं.

मी तिला चार दिवस एक नोंद ठेवायला सांगितली. काम काढलं की त्या क्षणी ताण १० पैकी किती, मग काय केलं, दहा मिनिटांनी ताण किती आणि रात्री झोपताना किती. एक ओळ अजून आठवते. पेंड्युलमचा प्रयोग लिहायला घेतला, ताण ८. निरीक्षणाच्या तक्त्यात एक आकडा चुकला, पान फाडलं, नव्या पानावर समास आखत बसली. दहा मिनिटांनी ताण ३. रात्री ९.

त्या ३ कडे नीट बघ, सगळी मेख तिथेच आहे. पान फाडलं की क्षणभर बरं वाटतं. मोबाईल घेतला की तसंच बरं वाटतं. मन एवढंच शिकतं की वहीपासून लांब गेलं की सुटका होते. पुढच्या वेळी वही दिसली की धडधड आणखी लवकर सुरू होते आणि सुटकेची ओढही वाढते. रात्रीचा ९ उशिरा येतो, त्यामुळे मन त्याची सांगड पान फाडण्याशी घालतच नाही. मानसशास्त्रातले लोकही चालढकलीबद्दल साधारण हेच म्हणतात, की ती वेळेच्या नियोजनातली चूक कमी आणि त्या घटकेला बरं वाटावं म्हणून केलेली धडपड जास्त असते. म्हणून तुला वेळापत्रक करून देऊन उपयोग नाही. ते तू फार सुंदर करशील, दोन रंगांच्या पेनांनी, आणि त्यातच संध्याकाळ जाईल.

आता माझी चूक सांगते. सुरुवातीला मी तिला म्हणत राहिले, "अगं, चुका झाल्या तरी चालतील, काही होत नाही." तेवढ्यापुरती ती हसायची. मग रोज मधल्या सुट्टीत वही घेऊन लॅबच्या दारात उभी, "मॅडम, एवढं बरोबर आहे ना?" मी बघायचे आणि हो म्हणायचे. दोन आठवड्यांनी ध्यानात आलं की माझं 'हो' हे तिचं नवं पान फाडणं झालंय. विचारलं की सुटका, मग पुढची ओळ विचारल्याशिवाय लिहवत नाही. तेव्हापासून मी ठरवलं की आठवड्यातून एकदाच बघणार आणि तेही पूर्ण प्रयोग लिहून झाल्यावर. ती चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मग तिच्यासोबत जे केलं त्याला समजावणं म्हणता येणार नाही, तो प्रयोगच होता. एका चिठ्ठीवर तिने आधी लिहायचं की चूक राहिली तर नेमकं काय होईल आणि त्याची किती खात्री आहे. तिने लिहिलं, "मॅडम सही करणार नाहीत, वर्गात वही दाखवतील. ९० टक्के खात्री." मग तिने पेंड्युलमचं पान एका जागी मुद्दाम खोडून, तसंच ठेवून माझ्याकडे द्यायचं. खोडायचं म्हणजे एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा. व्हाइटनर नाही. (प्रयोगाच्या वहीत खरी रीत हीच आहे. चुकलेलं वाचन दिसलं पाहिजे, म्हणजे ते का बदललं हे कळतं. आम्ही शिक्षक नीटनेटकेपणाला मार्क देत बसलो आणि मुलांना उलटं शिकवलं.)

त्या पानावर आणखी एक गंमत निघाली. लांबी १ मीटर, २० आंदोलनांना ४०.४ सेकंद. म्हणजे एका आंदोलनाला २.०२ सेकंद.

g = 4π²L/T² = 39.48/4.08 = 9.68

उत्तर ९.८ आलं नाही म्हणून हेच पान तिने आधी तीनदा फाडलं होतं आणि चौथ्यांदा वेळ बदलून उत्तर जुळवायच्या बेतात होती. मी तिला विचारलं, ९.८ यायला वेळ किती हवी होती? तिने उलट गणित केलं. ४०.१ सेकंद. म्हणजे तिचं सगळं अपयश ०.३ सेकंदांचं होतं. तुझ्या-माझ्या बोटाला स्टॉपवॉच दाबायला जो उशीर लागतो, तो साधारण एवढाच असतो. ९.६८ हे तिच्या हाताने, त्या घड्याळाने, त्या दिवशी आलेलं प्रामाणिक उत्तर होतं, आणि दुरुस्त केलेलं ९.८ मात्र खोटं ठरलं असतं. मी सही केली. वर्गात काहीच झालं नाही. चिठ्ठीखाली तिने लिहिलं, "सही मिळाली. कुणी बघितलंही नाही." पुढच्या चिठ्ठीवरची खात्री ९० वरून ६० झाली. शून्य नाही झाली, आणि तशी अपेक्षाही ठेवू नकोस.

जर्नलनंतर सराव पेपर. २५ मार्कांचा, एक तास, फक्त पेन, मागे वळून खोडायचं नाही. अडलं की रेघ मारून पुढे. पहिल्या पेपरला ती स्वतःच 'पहिलं घावन' म्हणाली, कारण ते तव्याला चिकटतंच. १४ मार्क पडले आणि ती लॅबमध्येच रडली. मी रडू दिलं. मग तिचा ऑक्टोबरचा चाचणी पेपर काढून शेजारी ठेवला. त्यात तिने २५ पैकी ९ मार्कांचंच लिहिलं होतं, एकही चूक नाही, मार्क ९. नव्या पेपरात २१ मार्कांचं लिहिलं, ७ चुकीत गेले, हाती १४. त्या सातांपैकी तीन एककं न लिहिल्यामुळे गेले होते आणि दोन चिन्हाच्या गफलतीत. म्हणजे पुढच्या आठवड्यात काय बघायचं ते कळलं. कोऱ्या पेपराने ते कधीच सांगितलं नसतं.

तुझ्या मनात येईल की असं केलं तर मी ढिला पडेन. ही भीती सगळ्यांना असते. १९९० मध्ये रँडी फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी परफेक्शनिझम मोजायची प्रश्नावली केली, त्यात स्वतःसाठी ठेवलेले उंच निकष आणि चुकांची धास्ती या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या आहेत. त्रासाशी जास्त जोडलेली असते ती धास्ती. ९५ टक्क्यांचं ध्येय तसंच ठेव, त्याला मी हात लावत नाहीये. पान फाडणं तेवढं बंद करायचंय.

तेव्हा आज रात्री जर्नलमधला सगळ्यात छोटा प्रयोग घे. चिठ्ठीवर भाकीत लिही, ताणाचा आकडा लिही, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव आणि २५ मिनिटं लिही. चुकलं तर आडवी रेघ. धडधड पहिल्या पाच-दहा मिनिटांत वाढेल. तेव्हा उठलास तर मनाला पुन्हा तोच जुना धडा मिळेल, म्हणून तेवढा वेळ बसूनच राहा, हळू लिहिलंस तरी चालेल. वेळ संपली की पान न वाचता वही मिट. पहिले दोन-तीन दिवस ताण आधीपेक्षा जास्त वाटतो. ते बिघडल्याचं लक्षण नाही, सुटकेची सवय मोडतेय म्हणून तसं होतं.

एक वेगळी शक्यताही तपासून बघ. हे फक्त वहीपुरतं आहे का? हात धुणं, कडी तपासणं, वस्तू मोजणं असंही पुन्हा पुन्हा होतंय, झोप-जेवण सुटलंय किंवा जगणं नको वाटतंय, तर हे घरच्या घरी करायचं काम नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांविषयी विचार. जगणं नको वाटत असेल तर आजच फोन कर आणि घरातल्या एका माणसाला सांग.

घरच्यांना आळसाबद्दल पटवत बसू नकोस. त्यांना एकच काम सांग, आठवडाभर "किती झालं?" विचारू नका. त्या मुलीच्या आजीला हे लगेच कळलं. ती म्हणाली, "चुकला तर चुकला, लिव मगे," आणि पेज ठेवून निघून गेली.

उद्या तुझ्या सरांना किंवा मॅडमना गाठ आणि किती प्रयोग राहिलेत ते खरं सांग. प्रॅक्टिकलच्या ३० मार्कांसाठी सही झालेलं जर्नल लागतंच, आणि त्या तारखा त्यांच्याकडूनच कळतील. वहीत खोडलेलं एक तरी पान असू दे आणि तेच आधी दाखव.