आधारवर नवीन नाव, पदवीवर जुनं: इंटरव्ह्यूत सांगू का?

"मी ट्रान्स स्त्री आहे. आधार आणि पॅनवर नवीन नाव आलंय, पण बी.कॉम.ची पदवी आणि आधीच्या कंपनीचं अनुभवपत्र जुन्याच नावाचं आहे. पुढच्या आठवड्यात पुण्यात इंटरव्ह्यू आहे. आधीच सांगून टाकू की गप्प राहू?"

इंटरव्ह्यूत सांगायची गरज नाही. ऑफर हातात आली आणि कागदपत्रं मागितली, की एचआरमधल्या एकाच व्यक्तीला लेखी कळवा. मीही ट्रान्स स्त्री आहे, अकाउंट्समध्ये काम करते, आणि हे दोन नोकऱ्यांमध्ये अनुभवलंय.

समोर बसलेल्यांना तुमची टॅली, जीएसटी, बँक रिकन्सिलिएशन तपासायचं असतं. जुन्या नावाची गरज पडते ती बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला. ती एजन्सी पदवीवरचा नंबर आणि नाव विद्यापीठाकडे पाठवते. नवीन नाव पाठवलं तर रेकॉर्डशी जुळत नाही आणि अहवालात पदवीपुढे 'पडताळणी झाली नाही' असा शेरा पडतो.

पहिल्या वेळी माझं हेच झालं. फॉर्मवर 'याआधीचं नाव' असा रकाना होता आणि भीतीने मी तो कोरा ठेवला. जॉइनिंग तीन आठवडे लांबलं. वर कागदपत्रं घेणाऱ्याने भरल्या खोलीत जुनं नाव मोठ्याने पुकारलं. चौदा माणसं बसली होती. हात वर करायला मला किती वेळ लागला, ते अजून आठवतं. म्हणून सांगते, तो रकाना कोरा ठेवू नका. नाव बदलणं हा काही दोष नाही, पण कोरा रकाना लपवाछपवीसारखा दिसतो.

दुसऱ्या नोकरीच्या वेळी ऑफर स्वीकारतानाच मी मेल केला: "माझी पदवी आणि अनुभवपत्र माझ्या आधीच्या नावाने आहे. नाव बदलल्याच्या राजपत्राची प्रत जोडली आहे. व्हेरिफिकेशनसाठी दोन्ही नावं वापरावीत. ओळखपत्र, ईमेल आणि हजेरीपटावर फक्त नवीन नाव असावं. आधीचं नाव व्हेरिफिकेशन करणाऱ्यांपलीकडे जाऊ नये, ही विनंती." एवढंच. ट्रान्स हा शब्द मी लिहिला नव्हता. पदवी पाहणाऱ्याला जुन्या नावावरून कळतंच, ते टाळता येत नाही. किती जणांना कळावं, एवढंच आपल्या हातात असतं.

आधार बदलताना तुम्ही जिल्हाधिकाऱ्यांचं ट्रान्सजेंडर प्रमाणपत्र दिलं असेल आणि राजपत्रात नाव छापून घेतलं नसेल, तर तेही करून घ्या. प्रमाणपत्र थेट ओळखच सांगतं. राजपत्राच्या पानावर मुख्यतः जुनं नाव आणि नवीन नाव असतं. लग्नानंतर नाव बदललेल्या कितीतरी बायका तेच पान देतात, त्यामुळे एचआरला ते ओळखीचं असतं. आपलं बहुतेकदा नुसतं पहिलं नाव बदलतं, वडिलांचं नाव आणि आडनाव तेच राहतं. त्यामुळे दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत हे पटकन दिसतं.

पीएफचं मात्र आत्ताच बघा. यूएएन जुन्या नावावर असेल तर आधारशी जुळणार नाही आणि पैसे अडकतील. नवीन यूएएन काढू नका. जुन्यावरचं नावच जॉइंट डिक्लरेशनने दुरुस्त करून घ्या. पगाराच्या बँक खात्यावरचं नावही बदललंय ना, तेही तपासा.

आता आपल्या नकळत फुटणाऱ्या गोष्टी. एचआरचा फोन येण्याआधी मैत्रिणीच्या मोबाइलवर ट्रूकॉलरमध्ये स्वतःचा नंबर टाकून बघा, माझं तिथे कितीतरी दिवस जुनंच नाव दिसत होतं. सीव्हीच्या फाइलचं नाव आणि ईमेल पत्ताही बघा. आणि रेफरन्स म्हणून ज्यांचा नंबर देणार त्यांना आधी स्वतः फोन करा. मराठीत "तो फार मन लावून काम करायचा" एवढ्या एका वाक्यात सगळं उघड होतं. माझ्या जुन्या सरांना मी नवीन नाव सांगितलं आणि "सर, 'ती' म्हणाल ना?" असं विचारलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणेन, पण चुकलो तर सांग."

इंटरव्ह्यूतच कुणी शरीराबद्दल किंवा ऑपरेशनबद्दल विचारलं, तर "याचा कामाशी संबंध नाही, कामाबद्दल विचारा" एवढं म्हणून थांबा. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यात भरतीत भेदभाव करायला मनाई आहे, आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी असायला हवा. 2020 च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या समान संधी धोरणात कर्मचाऱ्याच्या लिंग-ओळखीची गोपनीयता यायला हवी. माझ्या त्या मेलमध्ये मी या नियमांचं नाव घेतलं नव्हतं, फक्त गोपनीयतेची विनंती केली होती. दुसऱ्या दिवशी एचआरच्या बाईंचं उत्तर आलं: मूळ कागद बंद पाकिटात घेऊन थेट माझ्याकडे या, रिसेप्शनला देऊ नका.