कंपनीच्या खर्चाने सर्टिफिकेशन: पत्रातलं कोणतं वाक्य अंगाशी येईल?

प्रश्न: मी सिक्युरिटी ॲनालिस्ट आहे, या कामाचा अनुभव तीन वर्षांचा. सीआयएसएसपी या सायबर सुरक्षेच्या सर्टिफिकेटचा कोर्स आणि परीक्षा मिळून १,८०,००० रुपये कंपनीने द्यावेत, असं पत्र मॅनेजरसाठी तयार केलंय. कंपनीचा फायदा म्हणून लिहिलंय की सहा महिन्यांत मी सीआयएसएसपी होईन, सिक्युरिटीच्या घटना निम्म्यावर येतील आणि मी दोन वर्षं कंपनी सोडणार नाही. सध्याच्या त्रुटींची यादीही दिली आहे. तोंडी विचारलं तेव्हा मॅनेजर म्हणाले, "चालेल, पण सर्टिफिकेट मिळाल्यापासून दोन वर्षांत सोडलंस तर दुप्पट, म्हणजे ३,६०,००० भरावे लागतील." पत्र अजून पाठवलेलं नाही. या पत्राने मी कायद्याने बांधली जाईन का?

उत्तर: हो, बांधल्या जाऊ शकता. त्यामुळे पत्र पाठवण्याआधी विचारलंत हे फार बरं झालं.

आपण फक्त विनंती करतोय, करार तर पुढे एचआर करेल, असं बहुतेकांना वाटतं. भारतीय करार कायदा, १८७२ तसं पाहत नाही. "तुम्ही एवढे पैसे द्या, मी अमुक करीन" हा प्रस्ताव झाला. त्यावर मॅनेजरने "पत्रात लिहिल्याप्रमाणे मंजूर" एवढा ईमेल केला की करार उभा राहू शकतो. त्यासाठी स्टॅम्पपेपर किंवा समोरासमोर सही लागतेच असं नाही, आणि ईमेलवरचे करारही वैध आहेत. म्हणून फायद्यांचा परिच्छेद लिहिताना एक गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवा: अंदाज कुठे संपतो आणि हमी कुठे सुरू होते.

"घटना निम्म्यावर येतील" ही हमी आहे, आणि ती पाळणं तुमच्या हातात नाही. उद्या कुणी फसव्या लिंकवर क्लिक केलं तर त्यात तुमचा काय दोष? हे वाक्य पूर्ण काढा. त्याऐवजी ज्यावर तुमचा ताबा आहे ते लिहा: "प्रशिक्षणानंतर ॲक्सेसचा तिमाही आढावा आणि इन्सिडेंट रिस्पॉन्सची कार्यपद्धती मी तयार करू शकेन, असा माझा अंदाज आहे." प्रामाणिक अंदाज चुकला म्हणून कुणी फसवणुकीचा आरोप करू शकत नाही. मात्र "आपल्या क्लायंटच्या करारात हे सर्टिफिकेट सक्तीचं आहे" यासारखं विधान करार स्वतः वाचल्याशिवाय करू नका. तो अंदाज नसतो, वस्तुस्थितीचा दावा असतो. तो खोटा निघाला तर मंजुरी चुकीच्या माहितीवर घेतली, असं कंपनी म्हणू शकते.

आता तुमच्या प्रकरणातली सगळ्यात धोक्याची जागा. सीआयएसएसपी नुसती परीक्षा पास होऊन मिळत नाही. या सर्टिफिकेटच्या आठ विषयक्षेत्रांपैकी किमान दोन क्षेत्रांतला एकूण पाच वर्षांचा अनुभव लागतो. संबंधित पदवी असेल तर एक वर्षाची सवलत मिळते. तुमचा अनुभव तीन वर्षांचा आहे. म्हणजे सवलत धरली तरी परीक्षा पास झाल्यावर तुम्ही आधी 'असोसिएट' राहाल आणि अनुभव पुरा झाल्यावरच पूर्ण सर्टिफिकेट हाती येईल. "सहा महिन्यांत सीआयएसएसपी होईन" हे वचन तुम्ही पाळूच शकणार नाही.

याच मुद्द्यावर मॅनेजरची अट नीट वाचा. त्यांची दोन वर्षं "सर्टिफिकेट मिळाल्यापासून" मोजली जाणार आहेत. सर्टिफिकेटच वर्षभर उशिरा आलं तर तुमची दोन वर्षं सुरूच व्हायची नाहीत, आणि प्रत्यक्षात तीन वर्षांहून जास्त काळ अडकून पडाल. पत्रात लिहा: "मी सहा महिन्यांत परीक्षा देईन. मुदत कंपनीने परीक्षा शुल्क भरल्याच्या तारखेपासून मोजावी." नापास झालात तर फेरपरीक्षेचं शुल्क कुणी भरायचं, हेही एका ओळीत आत्ताच ठरवून घ्या. नंतर त्यावरूनच कुरबुर होते.

आता ३,६०,००० बद्दल. नोकरी सुरू असेपर्यंत ठरावीक काळ थांबण्याची अट बेकायदा नसते. करार कायद्याच्या कलम २७ खाली नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करण्यावर घातलेली बंदी रद्दबातल ठरते, पण 'ठरल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे' ही अट त्यात आपोआप येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी राजीनामा दिल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध धरली. त्यामुळे "बॉण्ड कोर्टात टिकतच नाही" या ऐकीव सल्ल्यावर विसंबू नका. तिथे मात्र सार्वजनिक बँकेचा भरतीवर होणारा खर्च आणि वेळ न्यायालयाने विचारात घेतला होता.

तुमच्या बाजूने त्याच कायद्याचं कलम ७४ उभं आहे. करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. कोर्ट तिच्या आत राहून वाजवी भरपाई देतं, आकडा लिहिला म्हणून जशीच्या तशी रक्कम मिळत नाही. कंपनीने १,८०,००० खर्च केले असताना दुप्पट कशासाठी, याचं पटेल असं उत्तर कंपनीला द्यावं लागेल. पण तो वाद कोर्टात नेण्यापेक्षा पत्रातच मिटवलेला बरा. प्रमाणात परतफेड मागा: १,८०,००० भागिले २४ महिने, म्हणजे दरमहा ७,५०० कमी होत जातील. १५ महिन्यांनी सोडलंत तर उरलेल्या ९ महिन्यांचे ६७,५०० द्यायचे. सोबत हेही लिहा की कंपनीने स्वतःहून कामावरून कमी केलं तर काहीच परत करायचं नाही. माझ्या मते या ओळीशिवाय सही करू नये, कारण नाहीतर नोकरी जाते आणि वर पैसेही मागितले जातात.

त्रुटींच्या यादीबद्दल मात्र मी कडक सांगते: ती या पत्रातून काढा. "अमुक सर्व्हर अनेक महिने अपडेट नाही, गेल्या वर्षीची घुसखोरी कुठेच कळवली नाही" अशी वाक्यं फायदा पटवायला जोरकस वाटतात, पण हे पत्र मॅनेजर, एचआर आणि फायनान्सकडे फिरणार आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून, किंवा लक्षात आणून दिल्यापासून, सहा तासांत कळवायच्या असतात. म्हणजे पैसे मागायच्या पत्रातून तुम्ही एखादी घटना कंपनीच्या लेखी लक्षात आणून देताय. न कळवलेली घटना खरंच असेल तर ती लपवू नका. कंपनीत घटना कळवायची जी ठरलेली वाट आहे, तिथून ती आजच वेगळी कळवा. पत्रात एवढंच पुरे: "सिक्युरिटीच्या सध्याच्या त्रुटी संबंधित टीमकडे नोंदवलेल्या आहेत."

पत्र ऑफिसच्या ईमेलवरून पाठवा आणि तोंडी झालेलं बोलणं त्यातच लेखी आणा: "आपण दुप्पट रकमेची अट सांगितलीत, त्याऐवजी मी पुढील अटी सुचवते." मग त्यांनी पुन्हा तोंडीच "बरं, कर सुरुवात" म्हटलं, तरी लेखी उत्तर येईपर्यंत कोर्सचे पैसे स्वतःच्या कार्डाने भरू नका. उत्तरात "मंजूर" सोबत नवी अट जोडलेली असेल तर तो उलट प्रस्ताव आहे, आणि तो तुम्ही मान्य करेपर्यंत कुणीच बांधलं गेलेलं नाही. अशा वेळी गप्प राहून कोर्स सुरू केलात, तर त्या वागण्यातूनच तुम्ही अट मान्य केली असं धरलं जाऊ शकतं.