घंटा आधी वाजवून दाखव

वादविवाद स्पर्धेचं सूत्रसंचालन पहिल्यांदाच करतेयस, तर स्वागत दोन वाक्यांत उरक आणि विषय सावकाश, दोनदा वाच: “रामकुंडातील काँक्रीट काढलेच पाहिजे.” अनुकूल बाजू कोणाची, प्रतिकूल कोणाची, तेही लगेच सांग.

खरा वेळ घंटेला दे. “प्रत्येक वक्त्यास चार मिनिटे. तिसऱ्या मिनिटाला एक घंटा, चौथ्याला दोन. दुसऱ्या इशाऱ्यानंतर चालू वाक्य पूर्ण करून थांबावे, ही विनंती,” असं म्हणून टाइमकीपरला दोन्ही इशारे वाजवायला लाव. नाहीतर पहिल्या घंटेलाच मुलं गांगरून खाली बसतात आणि मुद्दा अर्धाच राहतो. वेळ ‘अध्यक्ष महोदय’पासून मोजणार की त्यानंतर, हेही स्पष्ट कर, तक्रारी तिथूनच येतात. “गुण कापू” अशी तंबी मात्र नको गं. “परीक्षक नोंद घेतील” एवढं पुरे.